नोंदणी आहे, मान्यता नाही : झटपट पदवीच्या बाजाराची पार्श्वभूमी

आमच्या सोसायटीतला एक मुलगा एका गोदामात सुपरवायझर आहे. बढतीसाठी पदवी हवी, आणि याचं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. त्याने मला व्हॉट्सॲपवर आलेली एक पीडीएफ दाखवली. पंधरा दिवसांत बी.कॉम., तीन वर्षांच्या मार्कशीट, प्रोव्हिजनल, मायग्रेशन, सगळं घरपोच. वर ‘बॅकडेट उपलब्ध’. फी पंचेचाळीस हजार, दोन हप्त्यांत. तळाला चार शिक्के होते : सोसायटी नोंदणी कायदा १८६०, आयएसओ ९००१, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि ‘स्वायत्त संस्था’. मुलगा म्हणाला, “काका, सगळं रजिस्टर्ड आहे, मी नंबर टाकून बघितले.”

नंबर बहुधा खरेच असणार. हा सगळा बाजार नोंदणी आणि मान्यता या दोन शब्दांमधल्या फटीत उभा आहे, आणि ती फट आजची नाही.

आपल्याकडे सरकारी मान्यता नसलेली पदवी ही एके काळी अभिमानाची गोष्ट होती. असहकाराच्या काळात, १९२० मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठ निघालं आणि १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. ब्रिटिश सरकारचा शिक्का नको, म्हणूनच तर ही विद्यापीठं काढली होती. त्यांच्या पदव्यांना मान होता तो समाजाने दिलेला. स्वातंत्र्यानंतर शिक्का आपल्याच सरकारचा झाला आणि चित्र पालटलं. ‘विद्यापीठ’ या शब्दाचं वजन मात्र लोकांच्या मनात तसंच राहिलं, आणि पुढे ते भलत्याच लोकांच्या उपयोगी पडलं.

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने, म्हणजे यूजीसी कायद्याने, कलम २२ मध्ये एक रेघ आखली. पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली अभिमत दर्जा मिळालेली संस्था, आणि संसदेने खास कायदा करून तो अधिकार दिलेली संस्था. पुढच्या, म्हणजे २३ व्या कलमाने इतर कुणालाही आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावायला बंदी केली. पुण्याचं टिळक विद्यापीठसुद्धा पदवीच्या बाबतीत या रेघेच्या आत आलं ते १९८७ मध्ये अभिमत दर्जा मिळाल्यावर. ट्रस्ट, सोसायटी, कंपनी, आयएसओ यांचा या यादीत कुठेच पत्ता नाही. सोसायटी म्हणून नोंद भजनी मंडळाचीही होते. आयएसओचं प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, आणि ते लोणच्याच्या कारखान्यालाही मिळू शकतं. दर्पण हे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं पोर्टल आहे.

मग कायदा होता, तर बाजार वाढला कसा? एक कारण त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. रेघ ओलांडली तर शिक्षा काय, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड. १९५६ मध्ये ही रक्कम मोठी होती, पण ती तिथेच राहिली. आज एका बनावट मार्कशीटच्या पैशांतून असे कितीतरी दंड भरता येतील. फसवणुकीचे आणि बनावट दस्तऐवजांचे गुन्हे वेगळ्या कायद्याखाली दाखल होतात, पण त्यासाठी सहसा कुणीतरी तक्रार करावी लागते, आणि इथे गिऱ्हाईक स्वतःच गुन्ह्यात भागीदार असतं.

दुसरं कारण नावांचं. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करते. २०२३ मध्ये तिच्यात वीस नावं होती, त्यातली आठ एकट्या दिल्लीतली. आपल्या नागपूरचं ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ तिच्यात होतं आणि सीमेपलीकडे गोकाकचं एक ‘वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी’ही. मला सर्वांत बोलकं वाटतं ते त्याआधीच्या याद्यांतलं ‘वाराणसेय संस्कृत विश्वविद्यालय’. या नावाचं अगदी खरं विद्यापीठ १९५८ मध्ये वाराणसीत स्थापन झालं होतं. १९७४ मध्ये त्याचं नाव बदलून संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय केलं गेलं. जुनं नाव रिकामं पडलं, ते दिल्लीत कुणीतरी अंगावर चढवलं. जुनी माणसं म्हणणार, नाव ऐकलंय, मोठं विद्यापीठ आहे.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, आणि त्यात रेघ सरकारनेच पुसली होती. छत्तीसगड राज्य नवं असताना, २००२ मध्ये तिथे खासगी विद्यापीठांचा कायदा झाला. प्रत्येक विद्यापीठासाठी विधानसभेत वेगळा कायदा करायची गरज नव्हती. प्रस्ताव द्यायचा, राजपत्रात अधिसूचना निघायची, झालं विद्यापीठ. बघता बघता ११२ विद्यापीठं झाली. बऱ्याच ठिकाणी इमारत नाही, ग्रंथालय नाही, पत्ता म्हणून एखादी खोली. यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ ला न्यायालयाने त्या कायद्याची मूळ कलमं रद्द केली आणि ती सगळी विद्यापीठं एका दिवसात नाहीशी झाली. राज्याने केलेलं विद्यापीठ राज्याच्या हद्दीतच चालेल, बाहेर केंद्रं उघडता येणार नाहीत, हा नियम यूजीसी याच निकालाच्या आधारे आजही सांगते. म्हणून उत्तरेतल्या एखाद्या खासगी विद्यापीठाचं ‘अधिकृत स्टडी सेंटर’ डोंबिवलीत गाळ्यावर दिसलं, की तिथेच थांबावं.

तोवर इंटरनेट आलं होतं, आता गाळाही लागेना. मे २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कराचीच्या ‘ॲक्झॅक्ट’ कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं. शेकडो संकेतस्थळं, अमेरिकी वाटतील अशी विद्यापीठांची नावं, आणि कॉल सेंटरात बसून पदवी विकणारी माणसं. युक्ती अशी की नुसती विद्यापीठंच बोगस नव्हती, त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही त्याच कंपनीने उभ्या केल्या होत्या. ‘ॲक्रेडिटेड’ शब्दावर क्लिक केलं की दुसरं देखणं संकेतस्थळ उघडायचं. मान्यता तपासायची ती संस्थेने दिलेल्या दुव्यावरून कधीच नाही, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो.

आता त्या मुलाकडे वळू. पीडीएफ बाजूला ठेवली आणि ब्राउझरमध्ये ugc.gov.in हा पत्ता हाताने टाइप केला. तिथे विद्यापीठांच्या याद्या चार गटांत आहेत : केंद्रीय, राज्य, अभिमत, खासगी. पीडीएफवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघितलं. नव्हतं. बोगस यादीतही नव्हतं, त्यावर तो खुलला. पण बोगस यादीत नसणं म्हणजे काहीच नाही. त्या यादीत फक्त यूजीसीला सापडलेली नावं असतात. प्रश्न एकच, मान्य यादीत नाव आहे का?

हे ऐकल्यावर पीडीएफ पाठवणाऱ्या एजंटने फोनवर पवित्रा बदलला. “बरं, मग दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं करून देतो,” आणि खरोखर यादीत असलेलं एक नाव सांगितलं. इथे बरेच जण फसतात, कारण विद्यापीठ मान्य असलं तरी प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतोच असं नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची, डीईबीची, वेगळी परवानगी लागते. ती अमुक अभ्यासक्रमाला, अमुक सत्रासाठी, अमुक पद्धतीने अशी असते. deb.ugc.ac.in वर विद्यापीठ, वर्ष आणि सत्र निवडून हे बघता येतं. त्या विद्यापीठाला बी.कॉम. ऑनलाइनची परवानगी होतीही, पण फक्त चालू सत्रापुरती. एजंट देत होता २०१९ ची तारीख.

ही अट किती महाग पडते ते ओडिशातून गेलेल्या एका खटल्यात दिसलं. चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, परवानगी न घेता पत्राने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून परीक्षेची संधी दिली, आणि त्यानंतरच्यांच्या सरळ रद्द केल्या. यातले कित्येक जण त्या पदवीवर बढती घेऊन बसले होते. इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी आजही ऑनलाइन मिळत नाही, पीएच.डी.सुद्धा नाही. तसं कुणी म्हणत असेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही.

आणि ‘पंधरा दिवस’? ऑनलाइन असली तरी बी.कॉम. तीन वर्षांचंच. यूजीसीने अलीकडे हुशार विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम लवकर संपवायची मुभा दिली आहे. तीन वर्षांच्या पदवीत त्यातून फार तर एक सत्र वाचतं.

डिप्लोमाचं दुखणं निराळं. कलम २२ पदव्यांपुरतं आहे, डिप्लोमा या शब्दाला तसं कुंपण नाही. गल्लीतला क्लासही डिप्लोमा देऊ शकतो, आणि तो बेकायदा असेलच असं नाही. म्हणून तिथे प्रश्न उलटा विचारायचा : हा कागद नेऊन देणार कुठे? पॉलिटेक्निकच्या डिप्लोमासारखा वापरायचा असेल तर महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई, आणि एआयसीटीई. डी.फार्म. असेल तर फार्मसी कौन्सिल. त्या यादीत संस्था नसेल तर तो डिप्लोमा फक्त फ्रेम करण्यापुरता.

याद्यांनाही मर्यादा आहेत. २०२० मध्ये हिमाचलच्या सोलनमधलं एक खासगी विद्यापीठ पोलिसांच्या तपासात आलं. नाव यादीत, इमारत जागेवर, आणि आरोप असा की हजारो बनावट पदव्या विकल्या गेल्या. अशा वेळी यादी उपयोगाची नाही, प्रत्यक्ष त्या पदवीची नोंद बघावी लागते. हल्लीच्या पदव्या डिजिलॉकरमधल्या राष्ट्रीय भांडारात विद्यापीठाकडून थेट येतात. जुन्या पदवीसाठी परीक्षा विभागाला लिहून पडताळणी मागवावी लागते, आणि कंपन्या नेमकं हेच एखाद्या एजन्सीकडून करून घेतात. बॅकडेटचा कागद तिथे उघडा पडतो, कधी नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली वापरणाऱ्याचा गुन्हा आहे. तेव्हा “मला माहीत नव्हतं” म्हणायला पंधरा दिवसांची पदवी घेणाऱ्याकडे फारशी जागा उरत नाही.

मुलाने एजंटला एवढंच लिहिलं, की माझा डीईबी आयडी काढून प्रवेश कधी होईल? २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला हा आयडी लागतो, आणि तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. दोन निळ्या टिका आल्या, मग प्रोफाइलचा फोटो गेला. पहिल्या हप्त्यातले पाच हजार त्याने आधीच यूपीआयने पाठवले होते, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. आम्ही तिथूनच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला.