एपिकवरून ‘नाऊ, नेक्स्ट, लेटर’: तीन रकान्यांची पार्श्वभूमी

जिरा या टीमची कामं नोंदवायच्या साधनातले सगळे उघडे एपिक, म्हणजे मोठी कामं, एका पानावर काढायचे, प्रत्येकावर नाऊ, नेक्स्ट किंवा लेटर असा शिक्का मारायचा, की झाला रोडमॅप. काम तासाभराचं वाटतं आणि तासाभरात होतंही. पण महिन्याभरात ते पान उघडायचं सगळे सोडून देतात, कारण त्यावर टीमच्या फोल्डरांची यादी असते, प्रॉडक्ट कुठे चाललंय ते नसतं. असं का होतं ते समजायला ‘रोडमॅप’ आणि ‘एपिक’ या दोन शब्दांच्या मागे जावं लागतं. दोघांची घराणी वेगळी आहेत.

रोडमॅप हा शब्द आपल्याकडे हार्डवेअरकडून आला. मोटोरोलामध्ये रॉबर्ट गॅल्व्हिन प्रमुख असताना कोणतं तंत्रज्ञान कधी तयार होईल आणि ते कोणत्या उत्पादनात बसेल, हे काळाच्या पट्टीवर मांडायची पद्धत रुळली. विल्यर्ड आणि मॅक्लीस यांनी 1987 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि ती बाकी उद्योगांना माहीत झाली. तिथे तारखेला अर्थ होता. चिप, तिचं यंत्र आणि तिचा पुरवठादार एकाच वर्षी तयार नसतील तर उत्पादनच होत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा शब्द उचलला, आणि त्यासोबत हेन्री गँटच्या नावाने ओळखली जाणारी आडव्या पट्ट्यांची आकृतीही. पट्टी पुढच्या महिन्याची असो की पुढच्या वर्षाची, दोन्ही तितक्याच ठळक दिसतात. घोळ तिथेच सुरू होतो.

हा घोळ किती मोठा आहे त्याचा अंदाज बॅरी बोएम यांनी 1981 मध्येच मांडला होता. प्रकल्प अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असताना केलेला अंदाज चौपट जास्त किंवा एक चतुर्थांश इतका कमी निघू शकतो, आणि काम जसं स्पष्ट होत जातं तशी ही फट अरुंद होते. म्हणजे दोन महिन्यांचं वाटलेलं काम पंधरा दिवसांत संपू शकतं किंवा आठ महिने खाऊ शकतं. नऊ महिन्यांनंतरच्या पट्टीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख देणं म्हणजे ही फट झाकून ठेवणं.

तीन रकान्यांचा रोडमॅप याच अनुभवातून निघाला. जॅना बॅस्टो आणि सायमन कास्ट यांनी 2012 मध्ये प्रॉडपॅड हे साधन बाजारात आणलं. वेळेच्या पट्टीवरचा रोडमॅप बनवला की पुढे तो सतत उजवीकडे सरकवत बसावं लागतं, हे त्यांनी स्वतः आणि त्यांच्या ग्राहकांनीही पाहिलं होतं. म्हणून त्यांनी तारखा काढून टाकल्या आणि तीन रकाने ठेवले. मराठीत आपण त्यांना आत्ता, पुढे आणि नंतर म्हणू, नाहीतर ‘लेटर’ म्हटल्यावर कुणाला पत्र आठवायचं. हे रकाने तिमाहींची टोपणनावं नाहीत, इथे बहुतेकांची गल्लत होते. रकाना सांगतो की आपल्याला किती माहीत आहे. ‘आत्ता’मधलं काम काय आहे ते टीमला ठाऊक असतं. ‘पुढे’मध्ये प्रश्न कळलेला असतो, उत्तर ठरलेलं नसतं. ‘नंतर’मध्ये एवढंच म्हणणं असतं की हा प्रश्न आपला आहे. बोएमची रुंद होत जाणारी फटच तीन भागांत कापून उभी केलीय, असं म्हटलं तरी चालेल.

आता एपिक. सॉफ्टवेअर बनवण्याच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीच्या दिवसांत गरज एका छोट्या कार्डावर लिहायची पद्धत होती, तिला स्टोरी म्हणत. एखादी स्टोरी इतकी मोठी निघाली की एका आवर्तनात मावणार नाही, तर तिला एपिक म्हणायचं. माइक कोन यांच्या 2004 च्या पुस्तकामुळे हा शब्द सगळीकडे पोचला. त्या अर्थाने एपिक म्हणजे ‘यात काय काय आहे ते अजून आम्हाला नीट माहीत नाही’ अशी कबुली. काम जवळ आलं की एपिक फोडायचं, त्याच्या स्टोरी करायच्या, आणि मग एपिकची गरज उरत नाही.

टूलमध्ये मात्र उलटं घडलं. जिरा बनवणाऱ्या अॅटलासियनने 2009 मध्ये ग्रीनहॉपर हे प्लगिन विकत घेतलं, पुढे ते जिराच्या आतच मुरलं, आणि एपिक हा पोटात स्टोरी ठेवणारा, स्वतःचं नाव आणि रंग असलेला कायमचा प्रकार झाला. 2018 मध्ये जिराच्या क्लाउडमध्ये याच एपिकच्या पट्ट्या काढणारं रोडमॅपचं पान आलं. कबुली होती तिथे फोल्डर आला आणि फोल्डरला तारीख चिकटली. म्हणूनच एपिकवरून तीन रकाने बनवायचे तर शिक्के मारून भागत नाही, फोल्डर उघडून आत बघावं लागतं.

माझ्या पाहण्यातली एक टीम बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवत होती. सात डेव्हलपर, एक प्रॉडक्ट मॅनेजर. पहिल्या दिवशी ही क्वेरी चालवली:

```
project = PAY AND issuetype = Epic AND statusCategory != Done
```

19 एपिक निघाले, त्यातले नऊ ‘In Progress’. सात माणसं नऊ मोठ्या कामांवर एकाच वेळी असूच शकत नाहीत, म्हणजे स्टेटस खोटं बोलत होतं. कारण साधं आहे. पहिली स्टोरी सुरू झाली की कुणीतरी एपिक पुढे सरकवतो, मागे मात्र कुणीच नेत नाही. म्हणून एपिकचं स्टेटस सोडून त्याच्या पोटातली हालचाल बघितली, एकेका एपिकसाठी:

```
parent = PAY-112 AND status changed after -14d
```

पंधरवड्यात हालचाल होती फक्त तीन एपिकमध्ये: पेमेंट रिट्राय, रिपोर्टिंग आणि टॅक्सचे नवे नियम. उरलेल्या सहापैकी दोन जवळपास संपलेले होते, एकेक फुटकळ स्टोरी लोंबत होती. ती बाहेर काढून एपिक बंद केले. दोन खरं तर सुरूच झाले नव्हते, ते मागे नेले. आणि दोन होते ‘टेक डेट’ आणि ‘किरकोळ सुधारणा’. हे कधीच संपत नाहीत, कारण ते पोतं आहे, प्रश्न नाही. त्यांना रोडमॅपवर जागा द्यायची नाही. त्यांच्यासाठी टीमच्या वेळेतला वाटा वेगळा ठरवायचा आणि पुढे जायचं. सुरू न झालेल्या दहापैकी तीन एपिकना वर्षभर कुणी हात लावला नव्हता, ते बंद केले. उरले 12.

यानंतर येतं खरं डोक्याचं काम. प्रत्येक एपिकला विचारायचं: तू कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी आहेस? पेमेंट रिट्राय, ईमेल सूचना आणि नवे वेबहुक हे तीन एपिक तीन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत उघडले होते. तिघांचं उत्तर एकच आलं: कार्ड नाकारलं गेलं की ग्राहकाला आठवडाभर पत्ताच नसतो. म्हणून तिघांचं एकच कार्ड केलं आणि त्यावर ते वाक्य लिहिलं, फीचरचं नाव नाही. रिट्राय चालूच होता, सूचना त्याला लागून, म्हणून कार्ड ‘आत्ता’मध्ये गेलं. वेबहुक त्याच कार्डाच्या तपशिलात ‘गरज पडली तर’ म्हणून राहिले.

रिपोर्टिंगचं नेमकं उलट होतं. एकच एपिक, 41 स्टोरी. 27 झालेल्या, पाच चालू, नऊ अजून न उघडलेल्या. चालू पाच महिनाअखेरीचे आकडे न जुळण्याबद्दल होत्या आणि न उघडलेल्या नऊ एक्स्पोर्ट आणि आपोआप जाणाऱ्या अहवालांबद्दल. नाव एक, प्रश्न दोन. म्हणून दोन कार्डं झाली: आकडे ‘आत्ता’, अहवाल ‘पुढे’. एक एपिक बरोबर एक कार्ड हा नियम धरून बसलं की नेमकं इथेच फसतं. 41 स्टोरींचा एपिक सहा महिने ‘आत्ता’मध्ये बसून राहतो आणि टीम काहीच करत नाही असं दिसतं.

टॅक्सचं एक कार्ड, उरलेल्या सात एपिकची चार. सगळी मिळून आठ: ‘आत्ता’मध्ये तीन, ‘पुढे’ दोन, ‘नंतर’ तीन. टॅक्सचे नियम कायद्याने ठरलेल्या दिवशी लागू होणार होते, म्हणून त्या कार्डावर तारीख ठळक लिहिली. तारखा नकोत म्हणजे खऱ्या तारखाही लपवायच्या असं नाही. करार, कायदा किंवा हार्डवेअर असेल तर मोटोरोलाचं म्हणणं आजही लागू आहे. फक्त एका कार्डाला तारीख आहे म्हणून उरलेल्या सातांना द्यायची नाही.

हे टूलमध्ये बसवताना एक अडचण येते. जिराच्या नेहमीच्या बोर्डचे रकाने स्टेटसला जोडलेले असतात, एखाद्या फील्डला नाही. म्हणून लोक `Now`, `Next`, `Later` अशी स्टेटसच बनवतात, आणि मग ‘किती माहीत आहे’ आणि ‘काम कुठवर आलं’ या दोन गोष्टी एकाच जागी भांडायला लागतात. लेबल लावली तर एकाच एपिकवर दोन लेबल चिकटतात आणि ते दोन्ही याद्यांत दिसतं. बरं पडतं ते एकच पर्याय निवडू देणारं फील्ड. जिरा प्रॉडक्ट डिस्कव्हरीमध्ये बोर्डचे रकाने अशा फील्डवरून पाडता येतात, आणि तिथलं कार्ड एपिकपासून वेगळं असतं, त्याला हवे तितके एपिक जोडता येतात. ते साधन नसेल तर आठ ओळींची स्प्रेडशीट आणि प्रत्येक ओळीत एपिकच्या लिंका एवढ्यावर भागतं. आम्ही तेच केलं.

महिन्याला एकदा अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात एकच खूण बघायची: कार्डं फक्त डावीकडे सरकतायत का? ‘नंतर’मधलं ‘पुढे’ आलं, ‘पुढे’मधलं ‘आत्ता’, आणि कधीच काही गळलं नाही, तर समजायचं की रकान्यांवर वेगळी नावं लिहिलेली तिमाहीच चालली आहे. त्या टीममध्ये पहिले दोन महिने काहीच गळलं नाही आणि मला शंका यायला लागली होती. मग रिट्राय आणि सूचना चालू झाल्या, नाकारलेल्या कार्डांच्या तक्रारी जवळपास थांबल्या, आणि वेबहुकचा एपिक एकही स्टोरी न लिहिता बंद झाला.