40 ग्रॅम लसणातलं 25 ग्रॅम पाणी

शेंगदाण्याची लसूण चटणी दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर ती खवट होते, नाही तर तिला बुरस येतो. खान्देशात या दोन्हींचे हंगामही वेगळे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा चटणी खवटते, आणि श्रावणात हवा ओली झाली की तिच्या गाठी होऊन बुरस धरतो. खवटपणामागे दाण्यातलं तेल असतं. बुरशीमागे बहुतेक वेळा लसूण असतो, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

नेहमीचं माप घेऊ: 250 ग्रॅम शेंगदाणे, 40 ग्रॅम सोललेला लसूण, 15 ग्रॅम लाल तिखट, 5 ग्रॅम जिरं, 9 ग्रॅम मीठ. दाणे भाजून, सालं पाखडून साधारण 230 ग्रॅम उरतात आणि त्यांत पाणी जेमतेम 5 ग्रॅम असतं. लसणात मात्र साठ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणजे 40 ग्रॅम लसूण कच्चाच कुटून घातला तर 25 ग्रॅम पाणी आत गेलं. तिखटातलं थोडं धरून एकूण झालं 32 ग्रॅम. तीनशे ग्रॅम चटणीत 32 ग्रॅम, म्हणजे दहा-अकरा टक्के. ऐकायला फार वाटत नाही.

पण या चटणीत 120 ग्रॅमच्या आसपास तेल आहे आणि तेल पाणी धरत नाही. ते सगळं पाणी उरलेल्या 180 ग्रॅममध्येच मुरतं, आणि तिथे त्याचं प्रमाण अठरा टक्क्यांवर जातं. ज्वारी कोठीत भरताना ओलावा बारा टक्क्यांच्या वर नको हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अठरा टक्के ओलाव्याची ज्वारी कोणी पोत्यात भरणार नाही, चटणी मात्र आपण बरणीत भरतो. मिठामुळे बरेचसे जिवाणू आटोक्यात राहतात हे खरं. पण काही बुरश्या मिठाला फारशी दाद देत नाहीत, शिवाय लसणाच्या तुकड्यांना तेल लागलेलं असल्यामुळे मीठ सगळीकडे सारखं पोचतही नाही. कच्च्या लसणाची चटणी चवीला झणझणीत लागते, पण ती आठवडाभराची आणि फ्रीजमधली समजावी.

टिकाऊ चटणीसाठी लसूण आधी वाळवायचा. पाकळ्यांच्या पातळ चकत्या करून कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलवत राहायचं. लसणात साखरेच्या जातीचे घटक भरपूर असतात, त्यामुळे तो सोनेरीवरून तपकिरी रंगावर पाहता पाहता जातो आणि मग कडूपणा कशानेच लपत नाही. चकती वाकली तर पाणी बाकी आहे, कटकन मोडली तर झालं. त्याहून पक्की खूण वजनाची: 40 ग्रॅमचे 17 ग्रॅम उरले पाहिजेत. एवढं जमलं की आधीचा अठराचा आकडा सहाच्या खाली येतो, बाकी काही न बदलता.

उन्हाळ्यात तव्याची गरजही नाही. चकत्या पातळ फडक्याखाली दोन-तीन दिवस उन्हात ठेवल्या की कुरकुरीत होतात, आणि चवीत एक गंमत होते. लसूण चिरताना किंवा कुटताना त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि तो उग्र झणका तयार होतो. तव्याच्या आचेने ते विकर मरतं, म्हणून भाजलेला लसूण गोडसर, मवाळ लागतो. उन्हात ते बरंचसं शाबूत राहतं, फक्त पाण्याविना झोपलेलं असतं. घास तोंडात ओला झाला की ते जागं होतं आणि लसूण पुन्हा कच्च्यासारखा चढतो. तिखट वाढवण्याआधी हा उपाय करून पाहावा.

दाणे भाजण्याआधी निवडावे. सुरकुतलेले, काळपट, बुरसलेले दाणे बाजूला काढून टाकायचे, कारण बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही. लोखंडी कढईत मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं लागतात. साल चिमटीत सुटलं की एक दाणा फोडून बघायचा. आतून बाहेरून सारखा बिस्किटी रंग हवा. बाहेर डाग आणि पोटात पांढरा, तर आच मोठी होती, आणि त्या पांढऱ्या भागात ओलावा राहिलेला असतो. उतरवल्यावरही दाणा आतल्या उष्णतेने भाजत राहतो, म्हणून रंग किंचित कमी असतानाच परातीत पसरायचा. जिरंही तव्यावर कोरडं करून घ्यायचं. तिखट मात्र आचेवर नको. ते क्षणात करपतं आणि घरभर ठसका लागतो.

दाणे पूर्ण गार होईपर्यंत मिक्सरला हात लावू नये. गरम दाण्यातलं तेल पातळ असतं, पात्याखाली ते लगेच सुटतं आणि भुकटीऐवजी लगदा होतो. आधी मीठ, वाळलेला लसूण, जिरं आणि तिखट एकत्र बारीक करायचं. मिठाचे खडे लसूण रगडायला मदत करतात. मग दाणे घालून दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे, मध्ये भांडं हलवायचं. भरड ठेवलेलीच बरी. दाणा जितका बारीक, तितकं जास्त तेल उघडं पडून हवेला लागतं आणि खवटपणा लवकर येतो. खलबत्त्यातली चटणी चांगली लागते यात हाताची पुण्याई कमी आणि भरडपणा जास्त.

चव लगेच ठरवू नये. मीठ तेलात विरघळत नाही, लाळेत विरघळतं; तेलाने माखलेली चटणी जिभेवर आधी अळणी वाटते आणि लोक आणखी मीठ टाकून बसतात. तिखटाचा जाळ उलट तेलात विरघळतो, म्हणून तो उशिरा जाणवतो आणि रेंगाळतो. वरच्या मापात मीठ सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतं. भाकरीत मीठ नसतं, त्यामुळे ते घासात बरोबर बसतं. नुसती चाखली तर खारट वाटेल. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या तुकड्याबरोबर चाखावी आणि मगच हात घालावा. पावसाळ्यात मीठ तव्यावर दोन मिनिटं कोरडं करून घ्यावं. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं, आणि बरणीचं झाकण सैल असेल तर ते पाणी चटणीतच येतं.

भरायला लहान काचेच्या बरण्या घ्याव्या, काठोकाठ भरून अंधाऱ्या जागी ठेवाव्या. मोठ्या डब्यात चटणी खाली गेली की वर हवेचा साठा वाढत जातो. तेल बरणीत ओतून ठेवू नये, ताटात घ्यावं. बाहेर अशी चटणी दीड-दोन महिने चांगली राहते. दर दहा अंशांमागे तेल बिघडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून मे महिन्यात तीन आठवडेच धरावे आणि बाकीची फ्रीजमध्ये घालावी. फ्रीजमधली बरणी बाहेर काढून लगेच उघडली तर गार चटणीवर हवेतलं पाणी दवासारखं बसतं. अर्धा-पाऊण तास झाकण तसंच राहू द्यावं.

खवटपणा लसूण-तिखटाच्या वासाखाली लपतो. त्याआधी रंग बोलतो: लाल उतरून विटकरी-पिवळट होऊ लागला की तेलाचं बिघडणं सुरू झालं असं समजावं. मग चिमूटभर चटणी तळहातावर जोरात चोळून हुंगावी. जुन्या ऑइलपेंटसारखा वास आला तर ती पुन्हा भाजूनही सुधारत नाही. गाठ दिसली तर बोटाने दाबून बघावी. तेलाने धरलेली गाठ भुरभुरून मोकळी होते. ओलाव्याची चिकट राहते, आणि तिच्यावर पांढरी-हिरवी लव दिसली तर नुसती गाठ काढून भागत नाही, सगळी बरणी टाकावी लागते.