तेरा आणि अकरा मात्रांचा निवाडा

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला: ‘कडू खाई, रोग जाई, गोड खाई, रोग येई.’ खाली हात जोडल्याचं चिन्ह, आणि हे आयुर्वेदातलं आहे असा दावा. माझ्या मावशीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तिने तो मेसेज वाचला, रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केला आणि कुणाला न विचारता गोळी अर्धी केली. मी तिला विचारलं, “तुला हे खरं का वाटलं?” ती म्हणाली, “अरे, इतकं जुळून आलंय. खोटं असतं तर असं जुळलं असतं का?”

तिचं उत्तर मला भाबडं वाटत नाही. आपल्या भाषेतच ती सवय आहे. यमक जुळतं, हिशोब जुळतो, जबाब जुळतात आणि पत्रिकाही जुळतात. या सगळ्यांना एकच क्रियापद आहे. हिशोब जुळला तर तो बरोबर आहे असं मानायला कारण असतं, कारण दोन्हीकडचे आकडे वेगवेगळ्या व्यवहारांतून आलेले असतात. यमक जुळलं तर फक्त दोन शब्दांचे शेवट सारखे आहेत एवढंच कळतं. (पत्रिकेतले छत्तीस गुण तर कोष्टकातूनच काढलेले असतात. ते जुळल्याने दोन माणसांबद्दल काहीच कळत नाही, तरी त्यावर लग्नं मोडतात.) पण कानाला आणि मेंदूला या जुळण्यांतला फरक लगेच कळत नाही. तो का कळत नाही, हे बघायला मी मेसेज बाजूला ठेवून एक उत्तम कारागिरीचा नमुना घेतो.

शाळेच्या हिंदीत आपण सगळ्यांनी वाचलेला, कबीराच्या नावाने चालत आलेला हा दोहा:

दुख में सुमिरन सब करे, सुख में करे न कोय।
जो सुख में सुमिरन करे, दुख काहे को होय॥

याच्या मात्रा मोजून बघा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. ‘दुख में सुमिरन सब करे’ म्हणजे २ + २ + ४ + २ + ३, एकूण १३. ‘सुख में करे न कोय’ म्हणजे २ + २ + ३ + १ + ३, एकूण ११. दुसरी ओळही तशीच, १३ आणि ११. दोह्याचा नियमच तो आहे: प्रत्येक ओळीत चोवीस मात्रा, आणि मधली यती तेरा मात्रांनंतर. म्हणजे दोन ओळी एकमेकींच्या तोलाच्या असतात, पण एका ओळीचे दोन भाग समान नसतात. दुसरा भाग दोन मात्रांनी आखूड असतो, त्यामुळे तो अपेक्षेच्या जरा आधी संपतो आणि थांबायला जागा मिळते.

आता या भागांचे शेवट बघा. ‘करे’ म्हणजे आधी लघु, मग गुरू. ‘कोय’ म्हणजे आधी गुरू, मग लघु. एक दुसऱ्याचं उलटं रूप. ‘करे’वर आवाज वर राहतो, काहीतरी अजून यायचं आहे असं वाटतं. ‘कोय’वर तो खाली येतो आणि बसतो. दार उघडलं, दार बंद झालं. हे दोन ओळींत दोनदा घडतं, आणि दुसऱ्यांदा ‘होय’ येतो तेव्हा कान त्या आवाजाची वाटच बघत असतो.

अर्थाच्या पातळीवर आणखी एक घडी आहे. पहिल्या ओळीत आधी दुख, मग सुख. दुसऱ्या ओळीत आधी सुख, मग दुख. कागद मधोमध दुमडला तर शब्द एकमेकांवर बसतील. म्हणून दोहा ज्या शब्दापासून निघाला त्याच शब्दापाशी परत येतो आणि फेरी पूर्ण झाल्यासारखी वाटते.

हे ऐकताना मेंदू काय करत असतो? तो पुढचा शब्द सतत आधीच ताडत असतो. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना एकेक शब्द दाखवून वाक्यं वाचायला दिली आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी मेंदूतल्या विद्युत लहरी टिपल्या. वाक्याचा शेवटचा शब्द अर्थाला न शोभणारा असला, म्हणजे ‘त्याने गरम पावाला मोजे लावले’ अशा धर्तीचा, तर शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक ठळक ऋण लहर उमटते. शब्द जितका अपेक्षित, तितकी ही लहर लहान. विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या या बाबतीत फार पक्क्या असतात. ‘काळ्याच्या विरुद्ध’ म्हटल्यावर ‘पांढरा’ आला, तर मेंदूला जवळजवळ काहीच खटपट पडत नाही. दोह्यात ‘दुख’ ऐकलं की ‘सुख’ दाराशी येऊन उभंच असतं. विरोधाची जोडी अर्थ ताडायला मदत करते, मात्रा वेळ ताडायला आणि यमक आवाज ताडायला. तिन्ही अंदाज शेवटच्या एकाच चरणात एकत्र खरे ठरतात.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ती यानंतरची पायरी. आपला अंदाज बरोबर आला, एवढंच मेंदूला कळतं. कशाबद्दलचा अंदाज, याची चिठ्ठी त्यासोबत नीट येत नाही. शब्दाबद्दलचा अंदाज खरा ठरल्याचं समाधान विधान खरं असल्याचं समाधान म्हणून खपून जातं. मानसशास्त्रात या सहजतेला प्रवाहिता म्हणतात. १९९९ साली रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी ‘अमुक शहर अमुक देशात आहे’ अशी साधी विधानं पांढऱ्या पडद्यावर वेगवेगळ्या रंगांत दाखवली. जी विधानं गडद रंगात, सहज वाचता येण्याजोगी होती, ती लोकांनी थोडी जास्त वेळा खरी ठरवली. रंगाचा भूगोलाशी काय संबंध? काहीच नाही.

यमकावरचा प्रयोग २००० सालचा, मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबख्श यांचा. त्यांनी लोकांना न ऐकलेल्या इंग्रजी म्हणी दिल्या. काहींना यमकवाली मूळ म्हण, काहींना तीच म्हण एक शब्द बदलून, अर्थ तोच पण यमक मोडलेलं. माणसांच्या वागण्याचं वर्णन म्हणून ही म्हण किती अचूक आहे, असा प्रश्न होता. यमकवाल्या म्हणींना जास्त अचूक ठरवलं गेलं. यमकामुळे म्हण खरी होते, असं मात्र ते लोक मानत नव्हते. मग दुसऱ्या गटाला आधीच सांगितलं की काव्यगुण बाजूला ठेवून फक्त म्हणण्याकडे बघा; तेव्हा हा फरक कमी झाला. ‘दुख–सुख, सुख–दुख’सारख्या उलटसुलट रचनेवरही कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला: त्याच अर्थाच्या साध्या वाक्यांपेक्षा अशी वाक्यं लोकांना जास्त अचूक वाटली.

नीतीच्या दोह्यात याला आणखी एक धार येते. विरोधाची जोडी जगाचे दोनच भाग करते, आणि दोन्ही भागांना सारख्या घाटाची जागा देते. त्यामुळे दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, तागडीत टाकल्या आणि मग निकाल दिला, असा भास होतो. सुखही नाही, दुःखही नाही अशा साध्या मंगळवारी दुपारी माणूस काय करतो, हा प्रश्न पारड्याबाहेरच राहतो. शिवाय दोह्याची पहिली ओळ निरीक्षण आहे आणि दुसरी कार्यकारण सांगते. गद्यात लिहा: ‘लोक अडचणीत देवाला आठवतात, बरं चाललं असताना आठवत नाहीत. म्हणून जो बरं चाललं असताना आठवेल त्याच्यावर अडचण येणार नाही.’ आता लगेच मनात येतं, का येणार नाही? रोज हरिपाठ म्हणणारी माणसंही आजारी पडतात. दोह्यात हा प्रश्न सुचत नाही, कारण दोहा स्वतःच प्रश्न विचारून संपतो आणि त्या प्रश्नाचं उत्तर यमकाने देऊन टाकलेलं असतं.

घाट किती काम करतो हे तपासायची मला सापडलेली सर्वांत चांगली रीत म्हणजे दावा उलटा करायचा आणि घाट तसाच ठेवायचा. ‘दुख’ आणि ‘सुख’ दोन्ही दोन-दोन मात्रांचे, त्यामुळे अदलाबदल बिनबोभाट होते:

सुख में सुमिरन सब करे, दुख में करे न कोय।
जो दुख में सुमिरन करे, सुख काहे ना होय॥

पुन्हा तेरा-अकरा, तेरा-अकरा. शेवटच्या चरणात ‘को’च्या जागी ‘ना’ घातला, दोन्ही दोनच मात्रांचे. मोठ्याने म्हणून बघा. हाही पटतो! मुलगा पास झाला की पेढे घेऊन देवळात जाणारा, आणि घरात मरण झालं की देव्हाऱ्याकडे पाठ फिरवणारा माणूस लगेच डोळ्यांसमोर येतो. माणसांबद्दलचे हे दोन दावे एकमेकांच्या उलट आहेत, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. तरी दोन्ही निवाड्यासारखे वाजतात, म्हणजे तो वाजण्याचा गुण दाव्यातून आलेला नाही.

ही चाचणी सगळीकडे लागू पडत नाही. तुकोबांचं ‘सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे’ घ्या. शब्दांची अदलाबदल करून ‘दुःख जवापाडे, सुख पर्वताएवढे’ म्हटलं, तर लय फारशी बिघडत नाही, पण ओळ कुणालाच पटत नाही. तिथे प्रत्येकाचा अनुभव आडवा येतो. घाट तिथेच जास्त फसवतो जिथे आपल्याजवळ स्वतःची पक्की माहिती नसते, आणि मॅकग्लोन यांनी न ऐकलेल्या म्हणी निवडल्या होत्या हे म्हणूनच महत्त्वाचं आहे.

प्रवाहितेचं स्पष्टीकरणही पुरं पडत नाही. विनफ्रीड मेनिंगहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जर्मन म्हणींवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की यमक, वृत्त आणि आटोपशीरपणा यांमुळे म्हण कानाला सोपी होते, पण अर्थ लावायला उलट अवघड जाते. ‘दुख काहे को होय’ हे बोलीतलं सरळ वाक्य नाही, ते मनात उलगडावं लागतं. म्हणजे आवाज सहज आणि अर्थ किंचित दुर्गम, असं ते मिश्रण आहे. मला वाटतं, त्या छोट्या कष्टातून ‘हे आपल्याला उमगलं’ असं समाधान मिळतं आणि ते खरेपणाच्या बाजूला जाऊन बसतं. पण हा माझा तर्क आहे.

मावशीच्या मेसेजवर मी तीच चाचणी केली. कागदावर लिहिलं: ‘कडू खाई, रोग येई; गोड खाई, रोग जाई.’ तिने दोन्ही ओळी दोन-दोनदा म्हटल्या आणि म्हणाली, “हेही जुळतंय की.” मग बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी पुन्हा पूर्ण करायला सांगितली, आणि रस प्यायचाच असेल तर साखर वरचेवर मोजून वहीत लिहून आण म्हणाले, कारण गोळी आणि कारलं दोन्ही मिळून साखर जास्तच खाली जाऊ शकते. वही तिने आणली आहे. तारीख, वेळ, आकडा असे तीन रकाने आहेत, आणि अजून एकही आकडा दुसऱ्याशी जुळलेला नाही.