अदलाबदल झालेले आकडे आणि नवाचा भाग

गुणाकाराचा ताळा नवाने पाहायची रीत आपल्याकडे जुनी. दहाव्या शतकाच्या सुमारास दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांता’त ती येते. 1356 मध्ये नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त नवाशिवाय इतर संख्यांनीही ताळा पाहता येतो असे दाखवले. 1494 मध्ये व्हेनिसला द्विनोंदी हिशोब छापून मांडणाऱ्या पाचोलीच्या ग्रंथातही नवाचा ताळा आहे.

या ताळ्यात एक भोक आहे. त्यात अंकांची बेरीज पाहतात आणि अंकांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. 85 च्या जागी 58 पडले, तर ताळा बरोबरच दाखवतो. पण बेरीज तीच म्हणजे नवाने भागल्यावर उरणारी बाकीही तीच, म्हणून दोन्ही रकमांतल्या फरकाला नवाचा भाग जातोच. ताळ्याला जी चूक दिसत नाही, तीच फरकातून पकडता येते, हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते.

सोलापुरात एका टॉवेल कारखानदाराच्या वहीत सूत व्यापाऱ्याला द्यायची रक्कम व्यापाऱ्याच्या उताऱ्यापेक्षा 27,000 ने कमी दिसते, असे धरू. आधी नेमक्या 27,000 चे बिल राहिले का, किंवा 13,500 ची रक्कम जमेऐवजी नावे पडली का, ते पाहावे. तसे नसेल तर नवाने भागावे. उत्तर 3,000. शेवटची तीन शून्ये सांगतात की घोळ हजार आणि दहा हजारांच्या घरात आहे. 3 सांगतो की त्या दोन अंकांत तिनाचा फरक आहे. दिलेल्या रकमा बँकेशी जुळलेल्या असतील, तर फक्त बिले उरतात. वहीत रक्कम कमी पडली आहे, म्हणून दहा हजारांचा अंक हजारांच्या अंकापेक्षा तिनाने लहान असलेल्या नोंदीच काढायच्या. त्यात 58,260 सापडते. बिल 85,260 चे असते. मराठीत पंच्याऐंशी म्हणताना पाच आधी उच्चारला जातो, तेलुगूत ऐंशी आधी येतात. दोन्ही भाषा चालणाऱ्या सोलापुरी पेढीवर रक्कम तोंडी सांगून लिहून घेताना हे ध्यानात ठेवावे.

शून्य गळले तरी फरक नवाचाच येतो. 30,000 चे 3,000 झाले तरी 27,000 च कमी पडतात, म्हणून 3,000 ची नोंदही तपासावी.

कोणत्याही फरकाला नवाचा भाग योगायोगाने जाण्याची शक्यता साधारण नवात एक असते, आणि दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या तर खूण पुसली जाऊ शकते. शिवाय संगणकावर चुकीची रक्कम जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना सारखीच पडते. सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाक्यांची तेरीज जुळते, चूक आतच राहते. म्हणून आता ही युक्ती तेरजेपेक्षा बँकेच्या आणि व्यापाऱ्यांच्या उताऱ्यांशी मेळ घालताना जास्त कामी येते.