आठव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट

‘मला वाचायला आवडत नाही’ असं पंधरा वर्षांचं पोर म्हणालं, की मी वाद घालत नाही. गोष्टीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला देते आणि ओळी कुठे संपतात तिकडे कान देते. काही मुलं तीच ओळ पुन्हा वाचतात, काही एक ओळ गाळून खाली उतरतात. शब्द येत असतात, पण जागा सापडत नाही.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो आणि ओळ संपली की डावीकडे लांब झेप घेतो. ओळ जितकी लांब, तितकी ही झेप चुकण्याची शक्यता जास्त. 2013 साली अमेरिकेत डिस्लेक्सिया असलेल्या 103 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना हातात मावणाऱ्या स्क्रीनवर, ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द ठेवून मजकूर दिला. एका नजरेत मोजकीच अक्षरं टिपू शकणाऱ्या मुलांना तो कागदापेक्षा जास्त समजला. फायदा सगळ्यांना झाला नाही आणि हा प्रयोग कवितेवरचाही नव्हता. तरी आखूड ओळींचं पुस्तक सुचवायला एवढा धागा मला पुरतो.

अशा मुलांना मी पद्यकादंबरी, म्हणजे कवितेच्या आखूड ओळींत सांगितलेली कादंबरी देते, बहुतेक वेळा जेसन रेनॉल्ड्सची ‘लाँग वे डाउन’ (2017). पंधरा वर्षांचा विल भावाच्या खुनाचा सूड घ्यायला कमरेला पिस्तूल खोचून लिफ्टने खाली निघतो. प्रत्येक मजल्यावर एक मेलेला माणूस आत येतो. सगळी गोष्ट एका मिनिटाची. पुस्तक जाडजूड दिसतं, पण बऱ्याच पानांवर मोजकेच शब्द आहेत. पोरगं तासाभरात शंभरी ओलांडतं आणि पुस्तकाकडे जरा संशयानेच बघतं.

याच कादंबरीची डॅनिका नोव्हगोरोडॉफ यांनी जलरंगांत केलेली चित्रकादंबरी 2020 साली आली. ती मात्र सरसकट हाती देऊ नये. चित्रं वाचणं हेही शिकावं लागतं. कित्येक मुलं फक्त फुग्यांतले शब्द टिपतात आणि वीस मिनिटांत ‘झालं’ म्हणून पुस्तक परत देतात. चित्रकथेतलं अर्धं कथानक दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडतं आणि ते वाचकाने स्वतः भरायचं असतं. म्हणून मी एखाद्या पानावर बोट ठेवून विचारते, ‘या चौकटीतून त्या चौकटीत जाईपर्यंत काय झालं?’ उत्तर चटकन आलं तर चित्रकादंबरी चालेल. नुसतेच फुग्यांतले शब्द ऐकू आले, तर दोघांनी मिळून चार पानं सावकाश बघायची.

आणि मोठ्याने वाचताना एकही ओळ चुकली नाही, तर अडचण पानाची नाही. मग फॉर्म बदलून उपयोग नसतो, विषय बदलावा लागतो. अशाच एका मुलाने माझ्याकडून शेवटी मोटरसायकल दुरुस्तीचं पुस्तक नेलं, ते अजून परत आलेलं नाही.