गाठींवरून कळत नाही

पाळीची तारीख उलटून बारा दिवस झालेले. मग एका सकाळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त जाऊ लागतं, मोठमोठ्या गाठी पडतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात कुणी म्हणतं, "तुंबलेली पाळी मोकळी झाली." कुणी हळूच म्हणतं, "दिवस गेले असतील, पडलं असेल." दोन्ही अंदाज गाठींवर बांधलेले, आणि गाठी दोन्हीकडे पडतात.

पाळीच्या रक्तातल्या गुठळ्या गर्भाशयातच विरघळवल्या जातात. स्राव जोरात असला की ते काम पुरं पडत नाही आणि गाठी बाहेर येतात. म्हणजे गाठ सांगते ती स्रावाची गती, गर्भाचा पत्ता नव्हे. शिवाय एखाद्या महिन्यात बीजच सुटलं नाही, तर अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि उशिरा, धो धो पडतं. 'तुंबली' म्हणतात ते बहुधा हेच. रक्त कुठे साठून राहिलेलं नसतं.

फरक दाखवते ती लघवीची गर्भचाचणी, रक्तस्राव सुरू झालेला असतानाही. बारा दिवस उशीर झालेला आणि चाचणी नकारात्मक आली, तर गर्भाची शक्यता फारच कमी. ही चाचणी ओळखते ते एचसीजी, गर्भारपणातलं संप्रेरक. गर्भ पडल्यावरही ते रक्तात काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळतं, त्यामुळे चाचणी सकारात्मकच येते.

समजा, चाचणी सकारात्मक आली आणि रक्तातलं एचसीजी ६४० निघालं. या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. ४८ तासांनी तीच तपासणी पुन्हा केली आणि २१० आलं, तर गर्भपात होऊन गेल्याची शक्यता मोठी. मग आकडा शून्याजवळ येईपर्यंत पाहत राहायचं. पण ६४० चं ७०० झालं, म्हणजे धड वाढत नाही, धड उतरत नाही, तर डॉक्टर गर्भनलिकेतल्या गर्भाचा विचार करतात. इतक्या कमी आकड्याला सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं दिसणं स्वाभाविक असतं, त्यामुळे 'काही दिसलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घ्यायचा नसतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. पुढच्या गर्भाला त्रास होऊ नये म्हणून काही वेळा अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.

चक्कर मात्र या सगळ्या हिशेबाच्या आधी येते. भारतात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना मुळातच रक्तक्षय आहे, त्यामुळे त्यांना कमी रक्त गेलं तरी जड जातं. दोन तास सलग दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, किंवा उभं राहताच कोसळायला होत असेल, तर चाचणीची पट्टी शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. पॅडवर रक्त थोडंच असूनही घेरी येत असेल, पोटात एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला दुखत असेल, तर ते जास्त धोक्याचं: गर्भनलिका फुटली की रक्त पोटात साठतं, बाहेर दिसत नाही.