उदाहरण की वाक्प्रचार? कोशाच्या पानाचा फोटो टाइप करताना

अहिराणी–मराठी कोशाच्या पानाचा फोटो टाइप करायला बसलं, की पहिल्या दहा मिनिटांत कळतं की खरी अडचण अक्षरओळखीची नाही. छापील पानावर ठळक टाइप, थोडा हलका टाइप, ओळीची आत सरकलेली सुरुवात अशा खुणा असतात. साध्या मजकुरात त्या सगळ्या पुसल्या जातात. त्यात इथे शब्दही देवनागरीत, अर्थही देवनागरीत आणि उदाहरणही देवनागरीत. इंग्रजी अर्थाच्या कोशात लिपी बदलली की निदान डोळा थबकतो, इथे तोही आधार नाही.

मुख्य शब्द आणि त्याचं व्याकरण सहसा चुकत नाही. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो उदाहरणवाक्य आणि वाक्प्रचार यांच्यात. दोन्हींत मुख्य शब्द वापरलेला असतो, दोन्ही अर्थानंतर येतात आणि दोन्हींच्या पुढे मराठीत काहीतरी लिहिलेलं असतं. पण कोशात दोघांचं स्थान अगदी वेगळं आहे. उदाहरण हे एका अर्थाचं पोर, तर वाक्प्रचार ही स्वतःचं व्याकरण आणि स्वतःचा अर्थ असलेली उपनोंद.

खापर हा शब्द घेऊ. खान्देशात खापर म्हटलं की आधी चुलीवर उपडं घातलेलं ते मोठं मातीचं भांडं आठवतं, ज्यावर पुरणपोळी नि मांडे भाजतात. कोशात अशा नोंदी ज्या पद्धतीने छापतात, त्या पद्धतीने मी एक नमुना तयार केला आहे:

```
खापर न. १ पुरणपोळी, मांडे भाजण्याचं मोठं मातीचं
भांडं; माय ~वर पुरणपोयी करस. आई खापरावर
पुरणपोळी करते. २ फुटक्या मातीच्या भांड्याचा
तुकडा. ~ फोडनं वा. एखाद्यावर दोष ढकलणे;
तेनी मनावर ~ फोडं. त्याने माझ्यावर दोष ढकलला.
```

पाच ओळींत सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये अर्धविराम, पूर्णविराम नि एक नागमोडी रेघ यांपलीकडे काही नाही. ती रेघ मुख्य शब्दाच्या जागी आलेली आहे.

आता ‘माय ~वर पुरणपोयी करस’ आणि ‘~ फोडनं’ शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात क्रियापद चालवलेलं आहे: करस, म्हणजे करते. कोणीतरी, कधीतरी काहीतरी करतंय. दुसऱ्यात क्रियापद मूळ रूपात आहे. मराठीत जिथे ‘णे’ येतं, तिथे अहिराणीत ‘नं’. कर्ता नाही, काळ नाही. ही पहिली खूण आणि बहुतेक वेळा ती पुरते.

दुसरी खूण पुढच्या मराठीत असते आणि माझ्या मते तीच जास्त भरवशाची. उदाहरणापुढे येणारी मराठी ओळ त्याचा अनुवाद असते, शब्दाला शब्द जुळतो: मायची आई, पोयीची पोळी, करसचं करते. वाक्प्रचारापुढच्या मराठीत ना खापर असतं ना फोडणं. तिथे ‘दोष ढकलणे’ असा नवाच अर्थ येतो. शब्द जुळले तर अनुवाद, न जुळले तर अर्थ. ही तपासणी केली नाही की ‘आई खापरावर पुरणपोळी करते’ हे वाक्य खापर या शब्दाचा तिसरा अर्थ म्हणून नोंदलं जातं. अशा नोंदी मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत.

शेवटची ओळ मात्र दोन्ही खुणांना चकवते. ‘तेनी मनावर ~ फोडं’ यात क्रियापद चालवलेलं आहे, म्हणून हे उदाहरण. पण अनुवादात पुन्हा दोष ढकलणं आहे. म्हणजे हे वाक्प्रचाराचं उदाहरण आहे, भांड्याचं नाही, आणि त्याची जागा उपनोंदीखाली आहे. ‘फोडनं’ आणि ‘फोडं’ यांत एका अक्षराचा फरक. फोटो जरा हलला असेल तर तेवढं अक्षर सहज जातं. शिवाय ‘मनावर’ पाहून मराठी टाइप करणाऱ्याला मन आठवतं. इथे मना म्हणजे माझा, मनावर म्हणजे माझ्यावर. अनुवाद शेजारी आहे म्हणून बरं.

टाइप करताना हे वेगळं ठेवण्यासाठी टूलबॉक्स या कोश बनवण्याच्या प्रोग्रॅममधली खुणांची पद्धत मी वापरते. साध्या मजकुराच्या फाइलमध्येही ती चालते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती ओळ काय आहे ते लिहायचं:

```
\lx खापर
\ps न.
\sn 1
\dn पुरणपोळी, मांडे भाजण्याचं मोठं मातीचं भांडं
\xv माय खापरवर पुरणपोयी करस.
\xn आई खापरावर पुरणपोळी करते.
\sn 2
\dn फुटक्या मातीच्या भांड्याचा तुकडा
\se खापर फोडनं
\ps वा.
\dn एखाद्यावर दोष ढकलणे
\xv तेनी मनावर खापर फोडं.
\xn त्याने माझ्यावर दोष ढकलला.
```

`\lx` मुख्य शब्द, `\ps` व्याकरण, `\sn` अर्थाचा क्रमांक, `\dn` मराठीतला अर्थ, `\xv` मूळ बोलीतलं उदाहरण, `\xn` त्याचा मराठी अनुवाद आणि `\se` उपनोंद. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. `\se` आली की तिच्याखालचं सगळं, पुढची `\se` किंवा `\lx` येईपर्यंत, तिचंच धरलं जातं. दुसऱ्या अर्थाचं एखादं उदाहरण राहून गेलं आणि नंतर आठवलं म्हणून तळाशी टाकलं, तर फुटक्या तुकड्याचं वाक्य दोष ढकलण्याच्या गळ्यात पडतं. फाइल उघडून वाचताना ते नजरेलाही येत नाही, कारण ओळी सगळ्या बरोबरच असतात.

नागमोडी रेघेच्या जागी मी पूर्ण शब्द लिहिते, नाहीतर ‘खापर’ शोधल्यावर उदाहरणं सापडतच नाहीत. पण तेवढाच बदल. पोयीची पोळी करायची नाही. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, केळीची केयी होते, आणि कीबोर्डची आपोआप दुरुस्ती नेमकी तिथेच हात घालते. अहिराणीसाठी ती बंद करूनच बसावं. `\xv`च्या ओळीत ‘ळ’ दिसला की मी फोटो पुन्हा उघडते. क्वचित तो छापलेलाही असतो, मग तसाच ठेवायचा.

शिवणीकडे वळलेल्या कडेला ‘वा.’ हे अक्षर बऱ्याचदा सावलीत जातं. वाक्प्रचार आहे हे आपल्याला कळतं, म्हणून ते मनाने भरू नये. `\ps [?]` लिहावं आणि पान सपाट दाबून पुन्हा फोटो मागवावा. आमच्याकडे फोटो पाठवणारा मावसभाऊ आता पानावर काचेची पट्टी ठेवून फोटो काढतो, तेव्हापासून हे प्रश्न बरेच कमी झाले.

पान संपलं की मोजणी. `\lx`च्या ओळी पानावरच्या ठळक शब्दांइतक्या हव्यात; पानाच्या माथ्यावर छापलेले पहिला-शेवटचा शब्द मात्र त्यात धरायचे नाहीत. मग फक्त `\se`च्या ओळी बाजूला काढून वरपासून खाली वाचायच्या. तिथे ‘करस’, ‘जास’, ‘फोडं’ असं चाललेलं क्रियापद दिसलं, तर बहुतेक एखादं उदाहरण वाट चुकून आलेलं असतं. म्हणी तेवढ्या अपवाद, त्या पूर्ण वाक्यातच असतात. शेवटी प्रत्येक `\xv`खाली लगेच `\xn` आहे का ते पाहायचं. नसेल तर तो अनुवाद वर कुठेतरी `\dn`मध्ये जाऊन बसला आहे का, ते आधी तपासायचं.